फोटोतला बायोडेटा आणि गाळप हंगामाचं गणित

मी बारामतीचा, कोडिंगवर पोट भरतो. आपल्याकडे बायोडेटा झेरॉक्सच्या दुकानात टाइप होतो आणि फोटो काढून व्हॉट्सॲपवर पुढे जातो. त्या फोटोतून कौशल्यं, तारखा आणि कामातले खंड प्रोग्राम कसा काढतो, ते आज बघू.

नमुना घेऊ इंदापूर तालुक्यातल्या एका फिटरचा. डावीकडे कौशल्यं, उजवीकडे अनुभव: आयटीआय जुलै 2019 ला पास, साखर कारखाना 2019-20, 2020-21, 2021-22, जून 2022 पासून एमआयडीसीतली कंपनी.

आधी फोटोतली अक्षरं वाचायची:

```
tesseract photo.jpg out -l mar+eng --psm 3 tsv
```

फोटो तिरका असला की दोन रकाने एका ओळीत मिसळतात आणि 'वेल्डिंग 2019-20' असं काहीतरी हाती येतं. म्हणून मी नुसता मजकूर घेत नाही. `tsv` मध्ये प्रत्येक शब्द पानावर कुठे आहे आणि वाचन किती खात्रीचं आहे, दोन्ही मिळतं. मधली उभी मोकळी पट्टी शोधून रकाने वेगळे करायचे. आकड्याची खात्री कमी दिसली, तर त्या माणसालाच विचारायचं. फोटोत १ आणि ९ यांची गल्लत सहज होते.

खरी गंमत तारखांत आहे. '2019-20' म्हणजे जानेवारी 2019 ते डिसेंबर 2020 असं धरलं, तर तीन ओळी जोडून सलग 48 महिने अनुभव होतो आणि खंड शून्य! हे चुकलंय हे कळतं कसं? आयटीआय संपायच्या आधीच नोकरी सुरू झालेली दिसते आणि 2022 मध्ये एकाच वेळी दोन नोकऱ्या. तारखा अशा एकमेकांवर चढल्या की थांबायचं.

आपल्याकडच्या माणसाला माहितीये, हा गाळप हंगाम आहे. पण तो दरवर्षी पुढेमागे होतो, म्हणून महिने विचारायचे. समजा उत्तर आलं, 'नोव्हेंबर ते मार्च'. मग पाच महिन्यांचे तीन हंगाम, म्हणजे 15 महिने काम. ऑगस्ट 2019 ते मे 2022 हे 34 महिने होतात. उरले 19. त्या काळात काय केलं, हे फोटोत कुठेच नाही. प्रोग्रामने तिथे मनाने काही भरायचं नाही, फक्त प्रश्न विचारायचा. समजा तो म्हणाला, 'गावात पंप दुरुस्ती करायचो.' ते लिहिण्यासारखं काम आहेच की!

मग सुचवायची मांडणी अशी: एकच रकाना, नवं काम वर, आणि हंगाम एकत्र.

'हंगामी फिटर, साखर कारखाना: 3 गाळप हंगाम, नोव्हेंबर ते मार्च, 2019-20 ते 2021-22.'
'हंगामाबाहेर: पंप दुरुस्ती, गावात स्वतंत्र काम.'

कौशल्यंही त्या-त्या कामाखाली न्यायची. 'पंप दुरुस्ती' नुसती यादीत असली की मुलाखतीत 'कुठे केली?' हा प्रश्न येतो. कामाखाली लिहिली की उत्तर तिथेच असतं. आणि ते 19 महिने दडवायची गरज उरत नाही.