तेरा आठवड्यांचा आवक-जावक तक्ता

देवळाली प्रवरा हे राहुरी तालुक्यातले, उसाच्या टापूतले गाव. अशा गावात पाइप आणि पंपाचे सुटे भाग विकणारे एक दुकान आहे असे समजू. माल खपतो, नफाही दिसतो, आणि तरी ठोक व्यापाऱ्याच्या हप्त्याच्या दिवशी गल्ल्यात पैसे नसतात. असे का होते ते रोजकीर्दीत सापडत नाही. ती झालेले व्यवहार सांगते, आणि आपल्याला पुढचे पाहायचे आहेत.

एक मोठा कागद घ्या आणि तेरा उभे रकाने आखा. दर रकाना एका आठवड्याचा, म्हणजे सारे मिळून तीन महिने. वर आरंभीची शिल्लक, खाली आवक, मग जावक, तळाशी अखेरची शिल्लक. तीच पुढच्या रकान्यात वर नेऊन मांडायची. घसारा आणि पडून असलेला माल इथे येत नाही. हातात येणारा आणि हातातून जाणारा पैसा तेवढा लिहायचा.

आमच्या दुकानदाराजवळ 40 हजार आहेत. रोख विक्रीतून रोजची खरेदी आणि गड्याची मजुरी वजा जाता आठवड्याला 2 हजार उरतात. पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या आठवड्यात भाडे, वीजबिल व बँकेचा हप्ता मिळून 14 हजार जातात. सहाव्यात ठोक व्यापाऱ्याचे 60 हजार द्यायचे. आणि शेतकऱ्यांकडे 80 हजार उधारी आहे, ती उसाच्या पैशावर अवलंबून.

आता खरी गोम इथे आहे. ती उधारी कोणत्या रकान्यात लिहायची? उसाचे पैसे 14 दिवसांत द्यावेत असे 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. पण कारखान्याचे पैसे शेतकऱ्याला मिळाले म्हणजे ते दुकानात आले असे नव्हे. मध्ये सोसायटीचे कर्ज असते, घरचे कार्य असते. म्हणून तोंडी वायदा बाजूला ठेवा आणि त्याच गिऱ्हाइकाने गेल्या साली कधी दिले ते खतावणीत पाहा.

दुकानदाराने पाचवा आठवडा धरला होता. खतावणी आठवा म्हणते. मांडून पाहा: पाचव्याअखेर 22 हजार उरतात, सहाव्याअखेर 36 हजारांचा खड्डा, सातव्यात 34 हजारांचा, आणि आठव्यात एकदम 48 हजार शिल्लक. तेराव्याअखेर दोन्ही तऱ्हांनी 30 हजारच! तिमाहीची एकच बेरीज केली असती तर हा खड्डा दिसलाच नसता.

तो आज दिसला म्हणून ठोक व्यापाऱ्याकडे आजच जाता येते. सहाव्यात 20 हजार आणि आठव्यात 40 हजार असे ठरले, तर सहाव्याअखेर 4 हजार का होईना, हातात राहतात. उधारी आणखी लांबली तर मात्र हेही पुरणार नाही.

दर शनिवारी झालेला आकडा अंदाजाशेजारी लिहावा, सरलेला रकाना खोडावा आणि शेवटी नवा जोडावा. एकाच गिऱ्हाइकाची रक्कम तीनदा पुढे सरकली, तर ती तक्त्यातून काढून वेगळ्या वहीत मांडावी.