दुपारी ओट्यावर राहिलेला खोका

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. सगळी नोकरी बँकेत गेली. तेव्हा लशीवर बोलायचा माझा अधिकार एवढाच, की दोन वर्षांपूर्वी आपल्याच सोसायटीत अठरा लशी फेकून देण्याच्या निर्णयात मी सामील होतो, आणि आधी मी त्याला विरोध केला होता.

पुष्कळांना तो प्रसंग आठवत असेल. पावसाळ्याच्या तोंडावर ज्येष्ठ नागरिकांना फ्लूची लस द्यायची असं ठरलं. माझ्या सौ.ला दम्याचा त्रास, त्यामुळे पहिलं नाव आमचंच. नाशिकच्या एका वितरकाकडे अठरा भरलेल्या सिरिंजची मागणी नोंदवली. एकेकीची किंमत दीड हजार रुपये, म्हणजे सत्तावीस हजार झाले. जूनचा पहिला आठवडा होता. त्या दिवसांत मनमाडचं ऊन कसं असतं ते मी तुम्हाला सांगायला नको. सकाळी अकराला थर्माकोलचा खोका आला. वॉचमनने सही करून घेतला आणि ऑफिसच्या ओट्यावर ठेवला. त्याची काही चूक नाही, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. सचिव बाहेरगावी, वीज दुपारभर गेलेली. साडेपाचला मी खोका उघडला तेव्हा आतले जेलचे पॅक कोमट झाले होते.

मी म्हटलं, सिरिंज अगदी स्वच्छ दिसताहेत, फ्रीजमध्ये ठेवा, रात्रीतून गार होतील. तेवढ्यात आपल्या सी विंगमधल्या डॉक्टरताई आल्या. त्या म्हणाल्या, "काका, दूध नासलं की कळतं. ही नासली तर दिसणारही नाही, वासही येणार नाही."

त्यांनी मला त्या दिवशी जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. फ्लूच्या विषाणूच्या अंगावर हिमॅग्लुटिनिन नावाचं एक प्रथिन असतं. त्याच्या आधाराने तो आपल्या पेशीला चिकटतो. आपण जी टोचून घेतो त्या लशीत विषाणू मारून, त्याचे तुकडे करून हे प्रथिन घेतलेलं असतं, नेहमीच्या डोसात प्रत्येक जातीच्या विषाणूचं १५ मायक्रोग्रॅम. शरीर ते पाहतं आणि लक्षात ठेवतं. बँकेत खातं उघडताना आपण नमुना सही घेऊन ठेवतो ना, तसंच. पुढे खरा विषाणू आला की शरीर ही सही पडताळून त्याला अडवतं. पण प्रथिन म्हणजे एक लांब दोरा विशिष्ट पद्धतीने गुंडाळलेला असतो. उष्णतेने ती गुंडाळी सुटत जाते. म्हणजे नमुना सहीवर पाणी पडून शाई फुटावी तसं होतं. कार्ड जागेवर आहे, पण पडताळायला काही उरलं नाही.

आणि हे नुकसान साचत जातं. एकदा सुटलेली गुंडाळी फ्रीजमध्ये ठेवून परत बसत नाही. उकडलेलं अंडं गार केलं म्हणून कच्चं होतं का? अंड्याला मोठी आच लागते. लशीत हाच प्रकार साध्या उन्हाळ्यात हळूहळू होतो, आणि तापमान जितकं जास्त तितका वेगाने. म्हणून खोक्यावर छापलेलं असतं, २ ते ८ अंश सेल्सिअस.

मी विचारलं, मग आता नासली की नाही हे ओळखायचं कसं? पोलिओच्या कुपीवर एक गोल आणि त्यात चौकोन असतो. उष्णता लागेल तसा चौकोन गडद होत जातो आणि गोलाच्या रंगाला पोचला की कुपी बाद. आमच्या सिरिंजवर तसं काही नव्हतं. खोक्यात तापमानाची नोंद करणारं यंत्रही नव्हतं. प्रयोगशाळेत तपासता येतं, पण तपासलेली सिरिंज टोचायला उरत नाही.

डॉक्टरताईंनी कंपनीला फोन लावला. थोडा वेळ बाहेर राहिलेली लस लगेच बाद होत नाही. टोचण्याआधी नर्स ती काही मिनिटं बाहेर ठेवतेच. किती अंशात किती तास चालतं याची माहिती कंपनीकडे असते. पण तिकडून त्यांनी विचारलं की कमाल तापमान किती होतं आणि किती तास? आमच्याकडे उत्तर नव्हतं. खोका आदल्या संध्याकाळी भरला होता. बर्फ कधी विरघळला, रात्री की दुपारी, कोणी सांगावं? नोंद नाही म्हणून हमी नाही, असं उत्तर आलं. बिनव्हाउचरचा खर्च आम्ही कधी मंजूर केला नाही, तेव्हा मला बोलायला जागा उरली नाही.

तरीही मी एक शेवटचा मुद्दा काढला. टोचून तर बघू, विष तर नाही ना? विष नाही, हे खरं. पण त्या म्हणाल्या, "काकूंना टोचली आणि ऑगस्टमध्ये त्यांना फ्लू झाला, तर तुम्ही काय समजाल?" चांगली ठेवलेली लससुद्धा प्रत्येकाला पूर्ण संरक्षण देत नाही, आणि टोचल्यावर तिला काम सुरू करायला साधारण दोन आठवडे लागतात. त्यामुळे कोणी आजारी पडलं तर आपण म्हणतो, लशीत दम नाही. खोका ओट्यावर होता हे कोणाला आठवतही नाही. वर्षभर माणूस आपण सुरक्षित आहोत असं समजून हिंडतो. सौ.चा दमा मी पाहिलेला आहे. त्या वाक्यानंतर मी गप्प बसलो. अठरा सिरिंज दवाखान्याच्या कचऱ्यात रीतसर गेल्या. वितरकाशी बरंच भांडून निम्मे पैसे परत मिळाले.

दुसऱ्या खेपेला मी स्वतः डॉक्टरताईंबरोबर नाशिकला गेलो. त्यांच्याकडे निळी पेटी होती, व्हॅक्सिन कॅरिअर, चारी बाजूंना चार आइस पॅक बसतात ती. मला वाटलं, फ्रीझरमधले पॅक काढायचे, पेटीत घालायचे, निघायचं. त्यांनी ते टेबलावर मांडून ठेवले आणि आम्ही चहा प्यायलो. मी चुळबुळतोय, बर्फ वितळतोय! पण कारण असं, की फ्रीझरमधला बर्फ शून्याच्या बराच खाली असतो. त्याला टेकलेली सिरिंज गोठते, आणि गोठलेली फ्लूची लसही बाद, कारण त्यात प्रथिनाच्या गुठळ्या होतात. पॅकला बाहेरून घाम फुटला, कानाशी हलवून आत पाण्याचा खळखळाट ऐकू आला, की समजायचं तो शून्यावर आला. मग तो पूर्ण वितळेपर्यंत शून्यावरच राहतो. मग पॅक पुसले, सिरिंज त्यांच्या खोक्यांसकट मधे ठेवल्या, तापमापक ठेवला. पिंपळगाव, चांदवड करत घरी आलो. पेटी मांडीवर होती, डिकीत नाही. चांदवडला सहा अंश, मनमाडला साडेसहा.

ऑफिसच्या फ्रीजमध्येही जागा ठरलेली आहे. दारात नाही, कारण दार उघडलं की पहिला झोत तिथे लागतो. बर्फाच्या कप्प्याखाली किंवा मागच्या भिंतीला टेकून नाही, तिथे गोठते. मधल्या फळीवर ठेवायची. रिकाम्या जागेत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या, म्हणजे वीज गेली तरी गारवा टिकतो. पाणी आपल्याकडे किती दिवसांनी येतं ते माहीत असल्याने त्या बाटल्यांवर काही वहिनींचा डोळा होता, हेही नमूद करतो. त्या बाटल्यांना हात लावू नये ही विनंती.

फ्रीजवर दोरीने बांधलेली वही आहे. लस आत असेल तेवढे दिवस सकाळी आणि संध्याकाळी तापमान लिहायचं आणि सही करायची. एका संध्याकाळी नऊ अंश दिसले. वीज दोन तास गेली होती. तेही खोडाखोड न करता लिहिलं. डॉक्टरताईंनी कंपनीला तोच आकडा आणि तेच दोन तास सांगितले, आणि या वेळी उत्तर आलं, वापरा. दुसऱ्या दिवशी सकाळी सौ.ला याच सभागृहात लस टोचली, मागच्या खिडकीजवळच्या खुर्चीत.