रक्तदाबाची नोंद मोबाइलवर



रक्तदाब नोंदवायचं ॲप म्हणजे फक्त एक वही.
दाब मोजतं ते दंडाला पट्टा बांधायचं यंत्र.
कॅमेऱ्यावर बोट ठेवून दाब सांगणाऱ्या ॲपवर विसंबू नका.

आता नोंद कशी करायची?

सकाळी, गोळी घेण्यापूर्वी,
पाच मिनिटं शांत बसा.
पाठ टेकलेली, हात टेबलावर.
मग मिनिटभराच्या अंतरानं दोनदा मोजा.

समजा, वरचा आकडा आधी 148 आला,
आणि नंतर 138.
बरेच जण पहिला पुसून टाकतात.
पुसू नका. दोन्ही नोंदवा.
संध्याकाळीही तसंच.

डॉक्टरांकडे जाण्याआधी सात दिवस एवढं करा.
पहिल्या दिवशीचे आकडे बऱ्याचदा चढे असतात.
म्हणून सरासरी काढताना ते सहसा वगळतात.
पण ते काम डॉक्टरांचं, आपलं नव्हे.

गोळी चुकली, झोप झाली नाही,
तर तेही शेऱ्यात लिहा.
शेवटी अहवालाची पीडीएफ डॉक्टरांना पाठवा,
नाहीतर छापून न्या.
गर्दीच्या दवाखान्यात तुमचा मोबाइल कोण चाळत बसणार?

पुन्हा सांगते,
आलेला प्रत्येक आकडा नोंदवा.

मात्र वरचा आकडा 180 च्या पुढे गेला,
आणि छातीत दुखतंय किंवा बोलताना जीभ अडखळतेय,
तर नोंद राहू द्या.
तडक रुग्णालय गाठा.