न्युमोसिस्टिस न्यूमोनिया : उपचारांचे पहिले पाच दिवस

(वार्षिक सर्वसाधारण सभेच्या प्रसंगी रुग्णालयाच्या औषधवैद्यक विभागातर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)



विभागाच्या कामाचा आढावा अहवालात अन्यत्र छापलेला आहेच. आज आम्ही एकाच आजाराविषयी, आणि त्यातही त्याच्या उपचारांच्या पहिल्या पाच दिवसांविषयी बोलणार आहोत. आजाराचे नाव न्युमोसिस्टिस न्यूमोनिया. जून १९८१ मध्ये अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथील पाच तरुणांना हाच न्यूमोनिया झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली आणि तिच्यातूनच पुढे एड्स या रोगाची ओळख जगाला पटली. आज एचआयव्हीवर प्रभावी औषधे आहेत. तरीही ज्याला आपल्या संसर्गाची कल्पनाच नाही, किंवा ज्याने औषधे मध्येच सोडली आहेत, असा रुग्ण अजूनही याच आजाराने धापा टाकत आमच्या दारी येतो.

अशाच एका रुग्णाची हकीकत सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय छत्तीस, व्यवसाय शिवणकाम, वजन ४८ किलो. दीड महिन्यापासून कोरडा खोकला, संध्याकाळी ताप आणि हळूहळू वाढत गेलेला दम. आधी दुकानाच्या पायऱ्या चढताना दम लागे, पुढे पुढे अंघोळ करतानाही लागू लागला. छातीच्या चित्रात डाग दिसल्यावरून अन्यत्र त्याला तीन आठवडे क्षयाची औषधे दिली गेली होती. त्यात नवल नाही. आपल्या देशात एचआयव्हीबाधितांना क्षय अधिक प्रमाणात होतो, त्यामुळे खोकला, ताप आणि रोडावलेले शरीर पाहिले की प्रथम तोच मनात येतो. आमच्याही मनात तोच आला होता.

शंका आली ती एका विसंगतीमुळे. एवढा दम लागत असताना छातीला नळी लावून ऐकले, तर जवळजवळ काहीच ऐकू येईना. खोकला होता, पण कफ नव्हता. जिभेवर आणि टाळ्यावर बुरशीचा पांढरा थर होता, आणि या वयात असा थर दिसला की प्रतिकारशक्तीविषयी प्रश्न पडलाच पाहिजे. स्वस्थ पडून असताना बोटाला लावलेले यंत्र रक्तातील प्राणवायूचे प्रमाण ९१ टक्के दाखवत होते. आमच्या निवासी डॉक्टरांनी त्याला पलंगाशेजारीच, प्राणवायूची नळी हाताशी ठेवून, थोडे चालवले. आकडा ८२ वर आला. या आजारात फुप्फुसाच्या सूक्ष्म हवापिशव्या जंतूंच्या फेसाळ साक्याने भरतात आणि प्राणवायूला रक्तापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. माणूस स्वस्थ असतो तोवर हा वेळ कसाबसा पुरतो. चालताना रक्त वेगाने वाहू लागले की तो पुरत नाही. म्हणून हे चार पावलांचे चालणे आम्हांस महागड्या तपासणीइतकेच मोलाचे वाटते. आधीच अत्यवस्थ असलेल्या रुग्णावर मात्र ते करू नये.

क्ष-किरण चित्रात दोन्ही फुप्फुसांवर, मध्यभागापासून बाहेर पसरत गेलेले, दुधी काचेसारखे धूसर सावट होते. फुप्फुसाच्या आवरणात पाणी नव्हते, गाठी वाढलेल्या नव्हत्या. इथे एक सावधगिरी सांगायला हवी. या आजाराच्या सुरुवातीला हे चित्र अगदी निर्दोषही असू शकते. समुपदेशन करून, रुग्णाची संमती घेऊन एचआयव्ही तपासणी केली. संसर्ग होता, आणि प्रतिकारशक्तीचे माप समजल्या जाणाऱ्या सीडी-४ पेशी अवघ्या ६४ होत्या. हा न्यूमोनिया बहुधा या पेशी २०० च्या खाली गेल्यावरच होतो. धमनीतील रक्तात प्राणवायूचा दाब ५८ मिलिमीटर भरला. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम आहे.

पुरावा म्हणून जंतू प्रत्यक्ष दिसावा लागतो, कारण रुग्णालयातील नेहमीच्या प्रयोगशाळेत तो वाढवता येत नाही. रुग्णाला कफ नसल्याने तीव्र मिठाच्या पाण्याचा वाफारा देऊन थुंकी काढली जाते आणि तिला चांदीच्या क्षारांचे रंजक लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले जाते. तीच थुंकी क्षयासाठीही तपासली जाते. थुंकीत जंतू सापडला नाही म्हणून आजार नाही असे मात्र ठरत नाही. दुर्बिणीने फुप्फुस धुऊन काढलेल्या पाण्यात तो बहुतेक वेळा सापडतो, परंतु एवढा दम लागत असताना दुर्बीण घालणे जोखमीचे असते. सुदैवाने औषध सुरू केल्यावरही कित्येक दिवस जंतूचे अवशेष दिसत राहतात. त्यामुळे अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करता येतात, आणि तसेच करावे. या रुग्णाचा अहवाल तिसऱ्या दिवशी आला. जंतू सापडला, क्षय आढळला नाही. औषध मात्र पहिल्याच रात्री सुरू झाले होते.

हे औषध म्हणजे को-ट्रायमॉक्साझोल. नाव आपणांपैकी अनेकांच्या परिचयाचे असेल, कारण जुन्या काळापासून जुलाबापासून लघवीच्या विकारांपर्यंत ते वापरले गेले आहे. हा जंतू वस्तुतः बुरशीच्या कुळातला. तरी बुरशीची नेहमीची अनेक औषधे त्याच्यावर चालत नाहीत, कारण ती ज्या घटकावर घाव घालतात तो घटकच त्याच्या आवरणात नसतो. आणि को-ट्रायमॉक्साझोल हे साधे, स्वस्त औषध मात्र चालते. प्रश्न असतो तो मात्रेचा. त्यातील ट्रायमेथोप्रिम हा घटक धरून दर किलो वजनास दिवसाला १५ ते २० मिलिग्रॅम, असा हिशेब करावा लागतो. ४८ किलोच्या या रुग्णास तो दिवसाला ७२० ते ९६० मिलिग्रॅम पडला. मोठ्या गोळीत १६० मिलिग्रॅम असतात. प्रतिबंधासाठी रोज एक गोळी दिली जाते, इथे रोज सहा लागतात, आणि त्याही २१ दिवस. नेहमीच्या सवयीने सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी लिहून दिली, तर औषध योग्य असूनही रुग्ण दगावू शकतो.

आरंभी आम्ही ते शिरेतून दिले. एका कुपीत ८० मिलिग्रॅम असतात. म्हणून दर सहा तासांनी तीन कुप्या. प्रत्येक कुपी १२५ मिलिलिटर ग्लुकोजच्या पाण्यात मिसळायची, म्हणजे दिवसाकाठी दीड लिटर द्रव होतो. आजारी फुप्फुसांना एवढे पाणी सोसते की नाही, हे पाहणे आमच्या परिचारिकांकडे होते. प्रत्येक बाटली दीड तासात सावकाश द्यायची आणि मिश्रण गढूळ दिसले तर टाकून द्यायचे, अशी शिस्त त्यांनी रात्रपाळीतही पाळली.

आता त्या ५८ आकड्याकडे येतो. प्राणवायूचा दाब ७० मिलिमीटरपेक्षा कमी असेल, तर को-ट्रायमॉक्साझोलच्या जोडीला स्टेरॉइड द्यावे, असा निर्णय अमेरिकेतील तज्ज्ञ समितीने १९९० मध्ये दिला आणि तो आजही पाळला जातो. प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा पाच दिवस, मग दिवसातून एकदा ४० मिलिग्रॅम पाच दिवस, मग २० मिलिग्रॅम अकरा दिवस. ज्याची प्रतिकारशक्ती आधीच ढासळली आहे त्याला ती आणखी दडपणारे औषध द्यायचे, हे ऐकून रुग्णाचा मेहुणा अस्वस्थ झाला, आणि त्याची शंका रास्तच होती. स्टेरॉइड जंतूला मारत नाही. परंतु औषधाने जंतू मोठ्या संख्येने मरू लागले की त्यांच्या अवशेषांवर शरीर तुटून पडते, फुप्फुसाला सूज येते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास रुग्ण आधीपेक्षा अधिक धापा टाकू लागतो. ही सूज आवरण्यासाठी स्टेरॉइड असते, म्हणून ते पहिल्या मात्रेबरोबर, निदान ७२ तासांच्या आत, सुरू व्हावे लागते. रुग्णाची अवस्था बिघडल्यावर मग देऊ असे म्हटले, तर त्याचा मुख्य लाभ हातचा जातो. त्याची किंमतही असते. रक्तातील साखर चढू शकते, तोंडातील बुरशी वाढू शकते, दडलेला क्षय डोके वर काढू शकतो. म्हणूनच क्षयाची तपासणी सोबत चालू होती.

तिसऱ्या दिवशी नेमके तेच झाले. मिनिटाला चार लिटर प्राणवायूवर असलेल्या रुग्णाला दहा लिटर लागू लागले. मेहुणा आमच्याकडे येऊन म्हणाला, "डॉक्टरसाहेब, आणला तेव्हा निदान बोलत तरी होता. औषध लागू पडत नसेल तर मोकळेपणाने सांगा, आम्ही मोठ्या शहरात हलवतो." गाडीही ठरवून झाली होती. फुप्फुस फुटून हवा बाहेर साचली असेल तर याच प्रकारे दम वाढतो. म्हणून आधी पुन्हा क्ष-किरण चित्र काढून ती शंका दूर केली आणि मग नातेवाइकांना बसवून वरचा सारा हिशेब सांगितला. औषध निष्फळ ठरले असे म्हणण्यापूर्वी चार ते आठ दिवस वाट पाहावी लागते, आणि या अवस्थेत चार तासांचा रस्ता हाच मोठा धोका आहे, हेही सांगितले. अतिदक्षता विभागातील एक खाट त्याच्यासाठी राखून ठेवली. रुग्णाची पत्नी एवढेच म्हणाली, "पाच दिवस थांबतो." खरे सांगायचे तर त्या रात्री आम्हीही निश्चिंत नव्हतो.

पाचव्या दिवशी ताप उतरला आणि प्राणवायू सहा लिटरवर आला. सहाव्या दिवशी निराळीच अडचण उभी राहिली. रक्तातील पोटॅशियम ५.७ झाले. या औषधाच्या मोठ्या मात्रेने मूत्रपिंडातून पोटॅशियम बाहेर जाणे कमी होते. त्यात घरची मंडळी शक्ती यावी म्हणून रोज तीन शहाळी पाजत होती, आणि शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते. शहाळी बंद केली, योग्य ते उपचार दिले, रक्त रोज तपासले, आणि मूळ औषध न थांबवता आकडा खाली आला. तेव्हापासून या उपचारावरील रुग्णाच्या खाटेशी शहाळे न देण्याची सूचना आम्ही लावतो.

आठव्या दिवसापासून शिरेऐवजी गोळ्या सुरू केल्या. दोन मोठ्या गोळ्या, दिवसातून तीनदा. दहाव्या दिवशी अंगावर पुरळ उठले. या औषधाने एचआयव्हीबाधितांना पुरळ वारंवार येते. तोंडात वा डोळ्यांत व्रण आणि अंगावर फोड असते, तर औषध तत्काळ बंद करून क्लिंडामायसिन आणि प्रायमाक्विन ही जोडी द्यावी लागली असती, आणि प्रायमाक्विनपूर्वी जी-सिक्स-पीडी हे विकर रक्तात पुरेसे आहे ना, हे तपासावे लागले असते. तसे काही नव्हते. खाजेची गोळी देऊन औषध चालू ठेवले. बाराव्या दिवशी एचआयव्हीविरोधी औषधे सुरू केली. न्यूमोनिया पूर्ण बरा होईपर्यंत ती थांबवून ठेवू नयेत, दोन आठवड्यांच्या आत सुरू करावीत, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासापासून मान्य झालेले आहे.

एकविसाव्या दिवशी स्टेरॉइड संपले आणि गोळ्या सहावरून एकावर आल्या. ही एक गोळी सीडी-४ पेशी पुरेशा वाढून टिकेपर्यंत रोज घ्यायची आहे. घरी जाण्यापूर्वी त्याला पुन्हा चालवले, या वेळी संपूर्ण मार्गिकेभर. प्राणवायू ९५ टक्क्यांखाली गेला नाही. क्ष-किरण चित्रातील सावट तेव्हाही पूर्ण गेले नव्हते. ते जायला आणखी काही आठवडे लागले.

पत्नीचीही तपासणी केली. तिलाही संसर्ग होता आणि सीडी-४ पेशी १८० होत्या. तिला खोकला नव्हता, दमही नव्हता. तिची औषधे त्याच आठवड्यात सुरू झाली आणि त्यांच्यासोबत तीच रोजची एक गोळी.