पाळणा लांबवायचा किती, आणि दोघांचं पटवायचं कसं

(उरण-पनवेल भागातल्या गटांच्या मेळाव्यात बेलापूर, नवी मुंबई इथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला विषय दिलाय दोन मुलांमधल्या अंतराचा. बचत, कर्ज, पंचसूत्री सोडून हे मध्येच काय, असं कोणाला वाटेल. पण आपल्या गटाची हजेरी वही उघडा. जिच्या नावापुढे महिनोन्‌महिने गैरहजेरी आहे, तिच्या घरात बऱ्याचदा एक पोर अंगावर पिणारं असतं आणि दुसरं अजून कडेवरून उतरलेलं नसतं.

आधी एक हिशोब नीट करू. आपण अंतर मोजतो ते पहिल्याच्या वाढदिवसापासून दुसऱ्याच्या वाढदिवसापर्यंत. डॉक्टर मोजतात ते पहिल्याच्या जन्मापासून पुन्हा दिवस राहीपर्यंत. जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आहे की बाळंतपणानंतर पुन्हा दिवस राहायच्या आधी निदान 24 महिने जाऊ द्या. त्यात पोटातले नऊ महिने मिळवा, झाले 33. म्हणजे दोन पोरांत पावणेतीन वर्षं. "आमच्यात दोन वर्षांचं अंतर आहे" असं जी म्हणते, तिला पहिलं पोर सव्वा वर्षाचं असतानाच दिवस गेलेले असतात. हे बोटावर मोजलं की लगेच कळतं, पण कोणी मोजत नाही.

आता एका घरातल्या दोन जावांचं सांगते. नावं सांगत नाही, गाव आपल्याकडचंच.

धाकटीला पहिला मुलगा झाला. तो दहा महिन्यांचा असताना तिला पुन्हा दिवस गेले. म्हणजे दोघांत एकोणीस महिने. तिचं म्हणणं, "मी अंगावर पाजत होते, पाळीही आली नव्हती, मग कसं झालं?" हा घोटाळा फार घरांत होतो, म्हणून नीट ऐका. अंगावरच्या दुधाचा आधार आहे, पण तो तीन अटींवर: बाळ सहा महिन्यांच्या आतलं पाहिजे, त्याला दिवसरात्र फक्त आईचं दूध पाहिजे, वरचं पाणीसुद्धा नाही, आणि आईची पाळी आलेली नको. यातली एक अट मोडली की आधार संपला. सहा महिन्यांनंतर बाळ भात-डाळ खायला लागतं, दूध कमी ओढतं, आणि स्त्रीबीज पाळीच्या आधी तयार होतं. त्यामुळे पाळी न दिसताच दिवस राहू शकतात.

दिवस गेल्याचं कळलं तसं सासूबाई म्हणाल्या, पोटुशीचं दूध बाळाला बाधतं, तोड. तिने कडुलिंबाचा पाला वाटून लावला आणि दोन दिवसांत पोराचं दूध तोडलं. खरं तर ते दूध बाधत नाही. पोटातलं बाळ नीट वाढत असेल आणि डॉक्टरांनी कुठल्या कारणाने मनाई केली नसेल, तर हळूहळू कमी करत पाजता येतं. दूध आपणहून आटतं खरं, म्हणून त्या पोराचं वरचं खाणं वाढवायला हवं. ते या घरात राहून गेलं. अंगणवाडीच्या तक्त्यावर त्याची वजनाची रेघ तीन महिने वर गेलीच नाही. आफ्रिकेत घाना म्हणून देश आहे. तिथल्या एका भाषेत अशा सुजलेल्या, निस्तेज पोराच्या आजाराला 'क्वाशिओरकोर' म्हणतात, आणि त्याचा अर्थच असा की पाठचं बाळ आल्यावर थोरल्याला होणारा आजार. डॉक्टर सिसिली विल्यम्स यांनी 1930 च्या दशकात तो जगाला कळवला. तिथल्या बायांना मात्र दुखणं कशातून येतं ते आधीच ठाऊक होतं. नावातच ठेवलंय बघा.

बाळंतपणाच्या वेळी त्या पोराला पंधरा दिवस आत्याकडे ठेवलं. परत आला तर आईच्या कुशीत दुसरंच कोणी! दीड वर्षाच्या पोराजवळ शब्द किती? "दूद", "आई", "भू". "मला राग आलाय" हे त्याला म्हणताच येत नाही. "थांब, मग देते" यातलं 'मग' त्याला कळत नाही. मग तो चावतो, बाळाच्या डोळ्यात बोट घालतो, शी-सू सांगायला लागलेला पुन्हा कपड्यात करतो, रात्री चार वेळा उठतो. घरात सगळे म्हणायला लागले, पोरगा द्वाड झाला. द्वाड नाही हो. त्याची जागा गेली आणि ते सांगायला तोंडात शब्द नाही.

आईची अवस्था वेगळीच. पहिल्या बाळंतपणात रक्त कमी झालेलं, ते भरून यायच्या आत दुसरं बाळ ओढायला लागलं. लोहाच्या गोळ्या गरोदरपणात 180 दिवस आणि बाळंतपणानंतरही 180 दिवस घ्यायच्या असतात. तिने पहिल्या वेळी बाळंतपणानंतरच्या घेतल्याच नव्हत्या. त्यात पहाटे उठून नेरूळच्या बाजारात भाजी घेऊन जायची. पूर्वीच्या मोठ्या घरात सासू, चुलत सासू, नणंद असायची, एक पोर कोणीतरी उचलायचं. आता नवरा कंपनीत पाळीवर, सासू गुडघ्याने बसलेली, आणि खोलीत ही एकटी दोन कडेवरच्यांना घेऊन. अशी बाई थोरल्याला चापट मारते तेव्हा ती वाईट आई नसते, तिची ताकद संपलेली असते.

मोठ्या जावेच्या दोन मुलींत तीन वर्षं चार महिने. धाकटी जन्मली तेव्हा थोरली अंगणवाडीत जायला लागली होती. सकाळचे दोन-तीन तास आईला मोकळे मिळायचे. हेवा तिलाही वाटला, नाही असं नाही! तिसऱ्याच दिवशी म्हणाली, "आई, हिला दवाखान्यात परत देऊन ये." पण बघा, ती बोलली. जे पोर बोलू शकतं त्याला उत्तर देता येतं, हसता येतं, लंगोट आणायला पाठवता येतं.

इथवर ऐकून वाटेल की जवळची पोरं म्हणजे नुसती भांडणं. तसं नाही. ती दोन घरं मी आजही बघते. एकोणीस महिन्यांची जोडी आता शाळेत जाते. दिवसभर एकमेकांच्या उरावर, पण खेळ एक, मित्र एक, आणि बाहेरच्याने एकाला हात लावला की दुसरा धावतो. मोठीच्या मुली कमी भांडतात आणि कमी खेळतात. जवळच्या अंतरात पहिली तीन-चार वर्षं घराला जड जातात, सोबत मात्र भरपूर मिळते. ज्ञानेश्वर माउलींच्या घरातलं बघा. परंपरेने मानलेली जन्मसालं निवृत्तिनाथ 1273, ज्ञानदेव 1275, सोपानदेव 1277, मुक्ताबाई 1279. दोन-दोन वर्षांच्या अंतराने चौघं. आईबाप लवकर गेले, गावाने टाकलं, चौघंच एकमेकांना उरली. दोनच वर्षांनी मोठा भाऊ धाकट्याचा गुरू झाला, आणि रुसून दार लावून बसलेल्या ज्ञानदेवांना समजावलं ते सगळ्यात धाकट्या मुक्ताईने. नुसत्या अंतराने असं होत नाही. पण अंतर कमी म्हणून नातं बिघडतंच, असंही नाही.

मग ज्यांची पोरं आधीच जवळजवळची आहेत, त्यांनी काय करायचं? इंग्लंडात केंब्रिज इथे जुडी डन आणि कॅरल केंड्रिक या दोघींनी चाळीस घरांत जाऊन, दुसरं बाळ यायच्या आधीपासून, आई आणि थोरलं पोर बघितलं. 1982 साली त्यांचं पुस्तक आलं. त्यांना दिसलं ते आपल्याला फुकटात करता येण्यासारखं आहे. ज्या आया थोरल्याशी बाळाबद्दल बोलायच्या, म्हणजे त्याला काय हवं असेल, ते का रडतंय, त्यांच्या घरात वर्षभरानंतरही थोरलं बाळाशी जास्त मायेने वागत होतं. म्हणजे "हात लावू नको, पडेल" एवढंच न म्हणता, "बघ रे, कसं रडतंय, भूक लागली असेल का? तुला काय वाटतं?" असं विचारायचं. दीड वर्षाचं पोर उत्तर देणार नाही, पण बघायला लागेल.

धाकट्या जावेकडे आम्ही अजून दोनच गोष्टी केल्या. बाळ पाजायला बसताना थोरल्याला आईच्या दुसऱ्या बाजूला चुरमुऱ्यांची वाटी देऊन बसवायचं, कारण सगळ्यात जास्त चावणं त्याच वेळी व्हायचं. आणि संध्याकाळी नवऱ्याने बाळ घ्यायचं, त्या वेळात आई फक्त थोरल्याची. पंधरा मिनिटं, जास्त नाही. नवरा आधी हसला, मग घ्यायला लागला. चावणं पंधरा दिवसांत थांबलं नाही, दीड-दोन महिने गेले. बिछाना बदलायचा, दूध सोडवायचं, आत्याकडे ठेवायचं, ही सगळी कामं बाळंतपणाच्या आठवड्यात एकदम करू नका. एकेक करा, आणि बाळ यायच्या दोन-तीन महिने आधी.

फार मोठ्या अंतराचं एक सांगते. सात-आठ वर्षांनी शेंडेफळ येतं तेव्हा भांडण जवळजवळ नसतं, पण थोरली मुलगी असेल तर ती दुसरी आई होते. कौतुकाने होते, आणि मग शाळा बुडायला लागते. आई बाजारात, बाळ ताईकडे. महिन्यातून किती दिवस बुडाली ते शाळेच्या हजेरीवर बघा. भावाला सांभाळते म्हणून तिचं कौतुक करून हा हिशोब मिटत नाही. आणि पहिली मुलगी झाली की "पाठीवर भाऊ लवकर येऊ दे" ही घाई आपल्याकडे अजून आहे. त्यात दोन्ही पोरांचं आणि आईचं, तिघांचंही नुकसान होतं.

पाळणा लांबवायची साधनं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. तांबी बाळंतपणानंतर 48 तासांच्या आत बसवून घेता येते आणि हवी तेव्हा काढता येते. 'छाया' गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्यातून एकदा. 'अंतरा' इंजेक्शन दर तीन महिन्यांनी. पाजणाऱ्या आईला ते बाळ सहा आठवड्यांचं झाल्यावर घेता येतं. त्याने पाळी मागेपुढे होते, कधी बंदही होते. त्याने रक्त आत साठत नाही, घाबरून मध्येच सोडू नका. मात्र हे इंजेक्शन थांबवल्यावर पुन्हा दिवस राहायला शेवटच्या डोसपासून सात ते दहा महिने लागू शकतात. त्यामुळे दुसरं मूल कधी हवं ते ठरवताना हे महिने धरून मोजा. तांबी काढली की मात्र पुढच्याच पाळीपासून दिवस राहू शकतात.