ताई, सोमवारी चहा एकत्र घेऊ

जेवणं उरकून, भांडी आवरून तुम्ही रेडिओजवळ बसला असाल. आज मी तुमच्याशी एका छोट्या निरोपाविषयी बोलणार आहे. फोनवर लिहून पाठवलेला, सात-आठ ओळींचा निरोप. तो लिहायला आम्हा तिघींना अख्खी दुपार लागली.

मी आमच्या प्रभागसंघाची सचिव आहे. आमच्या ऑफिसात हिशेब लिहिणाऱ्या एक ताई आहेत. गटांचे हप्ते, कर्जाच्या नोंदी, रोखवही, बँकेचं पासबुक, सगळं त्यांच्या हातचं. त्या मोठ्या आजारपणामुळे सात महिने घरी होत्या. आजार कोणता ते मी सांगणार नाही. ते त्यांचं आहे, त्यांना वाटलं तर त्या सांगतील. त्या सोमवारपासून परत यायच्या होत्या आणि आम्हाला त्यांना "या" म्हणायचं होतं.

तुम्ही म्हणाल, यात काय अवघड? "या, वाट बघतोय" म्हटलं की झालं. मलाही आधी असंच वाटायचं. पण काही वर्षांपूर्वी आमच्याच ऑफिसातली एक बाई अशीच आजारातून उठून आली होती. पहिल्याच दिवशी आम्ही तिला घेरलं. किती वाळलीस गं, ऑपरेशन कुठे केलं, खर्च किती आला, आता परत तर होणार नाही ना? आमच्या भावाच्या सासूला असंच झालं होतं, हेही कुणीतरी सांगितलं. त्या सासूचं पुढे काय झालं, तेही सांगितलं. बाई चार दिवस आली. पाचव्या दिवशी तिने मुलाबरोबर कपाटाची किल्ली पाठवून दिली. आमच्यातल्या एकीच्याही मनात वाईट नव्हतं. सगळ्या मायेनेच विचारत होत्या. तरी एक चांगली कामाची बाई आम्ही गमावली. ते माझ्या मनात राहिलं होतं, म्हणून या वेळी आधी बसून विचार केला.

पहिला मसुदा आमच्या कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या मुलीने केला. वर गुलाबाचं चित्र, खाली लिहिलेलं: "ताई, आता तब्येत कशी आहे? डॉक्टर काय म्हणाले? गोळ्या चालू आहेत का? काळजी घ्या, सगळं ठीक होईल." मी तिला म्हटलं, बाळा, मोज बरं यात प्रश्न किती आहेत. तीन होते. आणि तिन्ही शरीराविषयी. म्हणजे कामावर येण्याआधीच ताईंनी आम्हाला आजाराचा हिशेब द्यायचा. शिवाय "सगळं ठीक होईल" हे आपण कोण सांगणार? त्यांच्या डॉक्टरांनी काय सांगितलंय ते आपल्याला ठाऊक नाही.

दुसरा मसुदा मी लिहिला. "ताई, तुमच्याशिवाय ऑफिस ओस पडलं होतं. सगळे हिशेब अडलेत. लवकर या." मला तो फार छान वाटला. आमच्या अध्यक्षाबाई मात्र वाचून गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "अगं, ही बाई सात महिने अंथरुणावर होती, आणि तू तिला सांगतेस की तिच्यामुळे काम अडलं. सोमवारी ती डोक्यावर ओझं घेऊनच यायची." खरं होतं. आणि अडलंही नव्हतं, त्या मुलीने वही सांभाळली होती. पण "सगळं नीट चाललंय, तुम्ही निवांत या" असं लिहिलं, तर ताईंना वाटणार की आपली गरज उरली नाही. आजारातून येणाऱ्या बाईच्या मनात ही दोन्ही भयं असतात: माझ्यामुळे सगळ्यांना त्रास झाला, आणि माझी जागा गेली. निरोपाने त्यातलं एकही वाढवू नये.

तिसरा मसुदा आम्ही फार सांभाळून लिहिला, तर तो नोटीस झाला. "सोमवारी सकाळी दहा वाजता कार्यालयात हजर राहावे." तो वाचून आम्ही तिघी हसलो आणि चहा ठेवला.

चहा पिताना अध्यक्षाबाईंनी एक प्रश्न विचारला. ताईंचा फोन कुणाकडे असतो? मैत्रिणींनो, हे आपल्या गावात फार महत्त्वाचं आहे. फोन बहुतेक वेळा घरचा असतो. मुलगा त्यावर खेळ खेळतो, निरोप आला की नवरा आधी वाचतो, सासू म्हणते वाचून दाखव. म्हणून बोललेला निरोप पाठवायचा नाही असं ठरलं. तो घरात मोठ्याने वाजतो आणि पाहुण्यांपासून शेजारणीपर्यंत सगळे ऐकतात. ताईंना वाचता येतं, म्हणून लिहूनच पाठवू. आणि असं लिहू की घरातल्या कुणीही वाचलं तरी ताईंना ओशाळं वाटू नये. म्हणजे आजाराचं नाव नाही, गोळ्या नाहीत, तपासणी नाही. ज्या बाईला वाचता येत नाही तिच्यासाठी कुणीतरी एकीने जाऊन दारातच दोन वाक्यं सांगावीत आणि बसायला न जाता परत यावं.

मग लिहिण्याआधी दोन कामं केली. एक, मी ताईंना फोन करून एवढंच विचारलं, "तुम्ही येताय हे ग्रुपवर सांगू का?" त्या म्हणाल्या, "येतेय एवढं सांगा, बाकी काही नको." तेवढंच सांगितलं. दुसरं, पहिले पंधरा दिवस ताईंनी उशिरा यावं, लवकर जावं, याला अध्यक्षाबाईंची आणि व्यवस्थापकांची आधीच संमती घेतली. कारण निरोपात सवलत लिहायची आणि सोमवारी कुणीतरी घड्याळाकडे बघायचं, असं झालं तर तो निरोप खोटा ठरतो. जे आपल्या हातात नाही ते लिहू नये.

शेवटी जो निरोप गेला तो असा:

"ताई, नमस्कार. सोमवारी तुम्ही येताय, आम्हाला सगळ्यांना खूप आनंद झाला. खिडकीजवळची तुमची जागा तशीच आहे. रोखवही आजपर्यंत लिहून ठेवली आहे, पण कर्जाच्या दोन नोंदी तुमच्याशिवाय आम्हाला कळत नाहीत, त्या सावकाश बघू. पहिले पंधरा दिवस तुमच्या सोयीने या आणि वाटेल तेव्हा निघा, कारण सांगायला नको. अध्यक्षाबाईंशी बोलणं झालं आहे. या निरोपाला उत्तर पाठवायची गरज नाही. सोमवारी चहा एकत्र घेऊ. ऑफिसातल्या आम्ही सगळ्या."

आता यातलं एकेक वाक्य का आहे ते सांगते. "आनंद झाला" हे आधी, कारण बाकी काही वाचलं नाही तरी तेवढं पोचावं. "जागा तशीच आहे" हे दुसऱ्या भयासाठी. रोखवही लिहिलेली आहे म्हणजे ओझं साठलेलं नाही, आणि दोन नोंदी अडल्यात म्हणजे तुमची गरज आहे. त्या दोन नोंदी खऱ्याच होत्या बरं का. जुन्या कर्जाचा एक हप्ता दुसऱ्या गटाच्या नावावर चढला होता, आणि तो कसा ते ताईंनाच माहीत होतं. गरज दाखवायला खोटं काम तयार करू नका, ते दुसऱ्या दिवशी उघडं पडतं. "कारण सांगायला नको" हे सगळ्यात महत्त्वाचं. सवलत दिली आणि दर वेळी कारण विचारलं, तर ती सवलत राहत नाही. "उत्तर नको" हे यासाठी, की दमलेल्या बाईला प्रत्येक निरोपाला उत्तर लिहिणं हेही एक काम असतं. आणि शेवटी चहा. चहासाठी कुणालाच तब्येतीचं सांगावं लागत नाही.

निरोप शनिवारी सकाळी पाठवला. रविवारी रात्री पाठवला असता तर झोप गेली असती. आणि फार आधी पाठवला असता तर तोवर घरचे म्हणाले असते, अजून आठ दिवस थांब. एकच निरोप, सगळ्यांच्या वतीने. चाळीस जणींचे चाळीस निरोप गेले असते तर त्यातल्या एकीने तरी विचारलंच असतं, "नेमकं झालं काय होतं?" शनिवारी, रविवारी ताईंचं उत्तर आलं नाही. आम्ही पुन्हा विचारलं नाही. विचारायचं नाही असं आपणच लिहिलं होतं ना.

सोमवारी ताई सव्वाअकराला आल्या. डोक्याला रुमाल बांधला होता. कुणी त्याविषयी बोललं नाही. एक ग्रामसंघाची बाई हप्ता भरायला आली, ती दारातूनच म्हणाली, "अगं बाई, केवढी खराब झालीस!" ताई काही बोलणार तेवढ्यात आमची मुलगी म्हणाली, "मावशी, पासबुक आणलंय का? ताई आजच आल्यात, पहिली एंट्री तुमचीच करू." बाई पिशवीत पासबुक शोधू लागली आणि तो विषय तिथेच संपला. पहिल्या दिवशी असं होणारच. तेव्हा बोलणाऱ्या बाईला टोकू नका, तिलाही लागतं. तिच्या हातात काम द्या.

ताई दीडला निघाल्या. कुणी विचारलं नाही. तिसऱ्या आठवड्यात, वही जुळवताना, त्या आपणहून मला म्हणाल्या, "सचिवबाई, मला काय झालं होतं ते तुम्ही विचारलं नाहीत." मी म्हटलं, "सांगायचं असेल तर ऐकेन." मग त्या अर्धा तास बोलल्या आणि मी ऐकलं. मध्ये एकही औषध, एकही वैद्य सुचवला नाही. ते सोपं नव्हतं, जीभ दोनदा वळवळली.

तुमच्या गटातली, अंगणवाडीतली, शिवणवर्गातली कुणी अशी परत येणार असेल, तर निरोप लिहा आणि पाठवण्याआधी एकदा मोठ्याने वाचा. तिच्या सासूच्या हातात फोन आहे असं समजून वाचा. वाचताना जिथे तुमचा आवाज खाली येईल, ते वाक्य खोडा. मग पाठवा.

आणि हो, त्या दोन नोंदी जुळल्या. ताईंनी एका बैठकीत जुळवल्या. नमस्कार.