शपथेची तारीख

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचं शब्दांकन)



पत्रिकेत माझा विषय 'ओसीआय कार्ड : समज आणि गैरसमज' असा छापलाय. त्याकडे मी येणार आहे, जरा उशिरा येईन इतकंच. आधी हात वर करा बघू, कुणाकुणाची मुलं परदेशाचे नागरिक झाली आहेत? ... म्हणजे जवळजवळ अर्धं सभागृह. आता त्यांच्या शपथविधीची तारीख कुणाला सांगता येईल? दोन हात. तिसरे काका फोन काढतायत. राहू द्या काका, कॅलिफोर्नियात आत्ता पहाट आहे, झोपू द्या त्याला. (हशा)

नातवाच्या बारशाची तारीख पाठ असते, घराच्या वास्तुशांतीची असते, आणि ज्या दिवशी मुलाचं नागरिकत्व बदललं ती तारीख कुणाला ठाऊक नसते. माझं आज एवढंच म्हणणं आहे की सगळं त्या तारखेवर उभं आहे. पासपोर्ट कधी जमा केला, दाखला कधी आला, ओसीआय कधी मिळालं, हे सगळं मागाहून येतं.

घटनेचं कलम 9, सिंघवी समितीनं दुहेरी नागरिकत्वाबद्दल केलेली शिफारस आणि तिचं पुढे काय झालं, हे तुम्ही वाचलेलं आहे. त्यात वेळ घालवत नाही. थेट 1955 च्या नागरिकत्व कायद्याकडे येतो. त्यात दोन कलमं शेजारी शेजारी आहेत, 8 आणि 9. आठव्यात माणूस नागरिकत्वाचा त्याग करतो, म्हणजे स्वतः निवेदन लिहून देतो, ते नोंदलं जातं आणि नागरिकत्व संपतं. नवव्यात त्याला कुणी काही विचारत नाही. त्यानं स्वेच्छेनं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की त्याच क्षणी भारताचं गळून पडतं. अर्ज लागत नाही, शिक्का लागत नाही, दूतावासाला कळलेलं असायचीही गरज नाही.

आपली बहुतेक मुलं नवव्यातून बाहेर पडतात आणि आपण आठव्यातून पडलो असं समजतात. सगळा घोटाळा इथे आहे.

(सभागृहातून : "पण सर, पासपोर्ट तर चालू असतो!")

थांबा, त्याच पासपोर्टाची गोष्ट सांगतो. पाच मिनिटांत आटपेन.

सासवडकडचे एक गृहस्थ माझ्याकडे आले. दोन एकर जमीन, सातबारावर एकट्याचं नाव, मुलगी न्यू जर्सीत. म्हणाले, "वकीलसाहेब, मुलीनं मार्चमध्ये अमेरिकेची शपथ घेतली. भारतीय पासपोर्ट अजून जमा केलेला नाही, चार वर्षं मुदत आहे. दिवाळीला येतेय. तोवर भारतीयच आहे, तर जमिनीचं बक्षीसपत्र करून टाकू. नंतर ओसीआय झाली की शेतजमीन घेता येत नाही असं ऐकलंय." बघा, माणूस किती तयारीनं आला होता! मुहूर्तही काढलेला. पण तारीख चुकली. मुलगी मार्चमध्येच भारतीय उरली नव्हती. दिवाळीत तिच्या हातात होती ती एक रद्द न झालेली पुस्तिका, आणि पुस्तिकेची मुदत ही काही नागरिकत्वाची मुदत नव्हे.

परकीय चलनाचा नियम असा आहे की परदेशी नागरिक झालेल्या ओसीआय कार्डधारकाला इथे फ्लॅट विकत घेता येतो, दुकान घेता येतं, नातेवाइकाकडून बक्षीसही घेता येतं. शेतजमीन, फार्महाऊस आणि मळे मात्र विकतही घेता येत नाहीत आणि बक्षीस म्हणूनही नाही. वारसानं आली तर चालते. म्हणून मी म्हटलं, बक्षीसपत्र विसरा, मृत्युपत्र करा. तुमच्या पश्चात जमीन मुलीच्या नावावर होईल, ती तिला ठेवताही येईल. पुढे विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येईल. गृहस्थांचा चेहरा पडला. "म्हणजे मी जिवंत असेपर्यंत नाहीच?" मी म्हटलं, नाहीच. ते म्हणाले, "तुमच्या कायद्याला माझी घाई झालेली दिसते." (मोठा हशा)

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण बाई दिवाळीला आल्या त्या भारतीय पासपोर्टावर. मुंबईत उतरल्यावर भारतीयांच्या रांगेतून झटकन बाहेर. वडिलांनी मला फोन करून सांगितलं, "बघा, सरकारला काही अडचण नाही!" अडचण परतीच्या रात्री आली. काउंटरवरच्या मुलीनं भारतीय पासपोर्ट उलटसुलट पाहिला आणि विचारलं, अमेरिकेत शिरायला तुमच्याकडे काय आहे? व्हिसा नाही, ग्रीन कार्ड नाही. ग्रीन कार्ड कुठे गेलं? ते शपथविधीच्या वेळी तिथेच परत घेतात. मग पर्समधून निळा अमेरिकन पासपोर्ट निघाला, आणि पुढचा प्रश्न आपोआपच आला : हा असताना तुम्ही आत कशा आलात? अमेरिकन पासपोर्टावर भारताचा व्हिसा नव्हता. ते विमान गेलं. पुढचे दिवस खुलासा लिहून देण्यात गेले, आणि तिकडे जाऊन पासपोर्ट जमा केला तेव्हा शपथेनंतर केलेल्या प्रवासाचा दंड भरावा लागला.

पाच मिनिटं म्हणालो होतो, बारा झाली. अध्यक्ष घड्याळाकडे पाहतायत, माझं लक्ष आहे.

एवढं लांबलो, कारण कायदा काय म्हणतो ते या गोष्टीत दिसतं. नागरिकत्व नियमांच्या तिसऱ्या परिशिष्टात सांगितलंय की एखाद्यानं अमुक तारखेला दुसऱ्या देशाचा पासपोर्ट मिळवला असेल, तर त्या तारखेआधीच त्यानं तिथलं नागरिकत्व स्वेच्छेनं घेतल्याचा तो निर्णायक पुरावा. निर्णायक म्हणजे 'नाइलाजानं काढला होता हो' हे ऐकून घ्यायचीही सोय नाही. या नियमाला आव्हान दिलं गेलं, आणि 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो उचलून धरला.

आपल्या शेजारी गोव्यात याची धग घरोघर आहे. 19 डिसेंबर 1961 पूर्वी तिथे जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज होता येतं. नुसत्या नोंदीनं भारतीयत्व जातं का, यावर तिथे वर्षानुवर्षं वाद चाललाय. पोर्तुगालचा पासपोर्ट हातात आला की वाद संपला. आणि जर्मनीनं जून 2024 पासून जुनं नागरिकत्व सोडायची अट काढली, म्हणून मला पेढे देणाऱ्या मातापित्यांना सांगतो, ती अट जर्मनीची होती. आपलं नववं कलम आहे तिथेच आहे.

(सभागृहातून : "म्हणजे आमची मुलं देश सोडून पळाली असं म्हणायचंय का तुम्हाला?")

नाही हो! माझा सख्खा भाचा तिकडचा नागरिक आहे, त्याच्या पार्टीला मी स्वतः श्रीखंड खाल्लंय. मी कुणावर आरोप करत नाही. मी म्हणतोय, घेतलंत ना, मग त्या तारखेपासून परदेशी आहोत असं धरून वागा. तुमचा राग बक्षीसपत्राच्या वेळी कामाला येणार नाही.

आता आठ आणि नऊमधला फरक खरा कुठे टोचतो, ते सांगतो. आठव्या कलमात एक खिडकी आहे. आईवडिलांनी त्याग केला तर अज्ञान मुलाचंही नागरिकत्व जातं; मात्र सज्ञान झाल्यापासून एक वर्षाच्या आत त्यानं निवेदन दिलं तर ते त्याला परत मिळतं. अनेक घरांत हे ऐकीव माहितीनं ठाऊक असतं : 'अठराव्या वर्षी ठरवेल तो.' सिंगापूरच्या एका कुटुंबानं ही खिडकी वाजवून पाहिली. आईवडील जन्मानं भारतीय. डिसेंबर 1998 मध्ये त्यांनी सिंगापूरचं नागरिकत्व घेतलं तेव्हा मूल पोटात होतं. मार्च 1999 मध्ये मुलगा झाला. अठरा पूर्ण झाल्यावर 2017 मध्ये त्यानं भारतीय दूतावासात निवेदन दिलं. गृहमंत्रालयानं नाकारलं, मद्रास उच्च न्यायालयानं मुलाच्या बाजूनं कौल दिला, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. आईवडिलांचं नागरिकत्व नवव्या कलमानं आपोआप गेलं, त्यांनी त्याग केलेलाच नाही, तेव्हा आठव्यातली खिडकी या मुलासाठी नाही.

मग कुणी चतुर विचारेल, आधी आठव्यानं त्याग करायचा आणि मग शपथ घ्यायची. कागदावर छान दिसतं. पण अमेरिकेच्या बाबतीत मधल्या दिवसांत तुम्ही कुठल्याच देशाचे नसता, आणि शपथ लांबली तर? ऑस्ट्रियासारखा एखादा देश आधी लेखी आश्वासन देतो की जुनं सोडा, आम्ही घेतो. तिथे हा क्रम जमतो. अमेरिकेत शपथ घेतल्यावर सोडायला हातात काही उरतच नाही. त्यानंतर दूतावास देतो तो कागद म्हणजे घडून गेलेल्या गोष्टीची पावती.

चिठ्ठी आली आहे. 'सात मिनिटे.' आणि माझा छापील विषय अजून यायचाय. (हशा)

तर ओसीआय. भरभर सांगतो. जुना पासपोर्ट जमा करून रद्द झाल्याचा दाखला घ्यायचा, मगच ओसीआयचा अर्ज. तो दाखला नसेल तर अर्ज पुढे सरकत नाही. त्या मधल्या काळात आजी आजारी पडली तरी परदेशी पासपोर्टावर व्हिसा काढूनच यायचं. कार्ड मिळालं की आजन्म ये-जा करता येते, कितीही दिवस राहता येतं आणि पोलिसांकडे नोंद करावी लागत नाही. पैशांच्या व्यवहारात अनिवासी भारतीयाच्या जवळपास बरोबरीनं, शेतजमीन सोडून. मतदान नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरी सर्वसाधारणपणे नाही. मार्च 2021 च्या अधिसूचनेनंतर पत्रकारिता, संशोधन, गिर्यारोहण यांना वेगळी परवानगी लागते, आणि नातवाला इथे मेडिकलला घालायचं मनात असेल तर 'नीट' देऊन अनिवासींच्या जागांवरच हक्क सांगता येतो. पणजोबांपर्यंत कुणी भारतीय असेल तरी कार्ड मिळू शकतं. पण त्या वंशावळीत कुणी पाकिस्तान किंवा बांगलादेशचा नागरिक निघाला तर नाही. नवरा किंवा बायको परदेशी असेल तर नोंदवलेल्या लग्नाला दोन वर्षं पूर्ण हवीत.

पहिल्या रांगेतून प्रश्न आलाय, परत यायचं झालं तर? येता येतं. ओसीआय म्हणून पाच वर्षं झाली असतील आणि अर्जाच्या आधीचे बारा महिने भारतात वास्तव्य असेल तर नोंदणीनं नागरिकत्व मागता येतं. पाच वर्षं झाली नसतील तरी, स्वतः किंवा आईवडिलांपैकी एक पूर्वी भारतीय होते आणि बारा महिने इथे राहिलात, तर दुसरं पोटकलम आहे. सिंगापूरच्या त्या मुलालाही न्यायालयानं हाच रस्ता दाखवला. दोन्हीकडे तिकडचं नागरिकत्व सोडावं लागतं, आणि अर्ज केला म्हणजे मिळालंच असं नाही.

घंटा वाजली, तरी एक चिठ्ठी घेतो, कारण ती सगळ्यांच्या घरची आहे : 'मुलाचं नाव अजून मतदार यादीत आहे. मे महिन्यात तो इथे असेल. मत दिलं तर बिघडतं का?' बिघडतं. शपथेच्या दिवशीच तो हक्क गेला. यादीत नाव राहिलं ते कुणी कळवलं नाही म्हणून. नमुना 7 भरा आणि नाव कमी करून घ्या. त्याला शपथ कधी झाली हे विचारा, तेवढ्यानिमित्तानं फोन होईल. पण मघाशी म्हटलं तसं, तिकडे उजाडू द्या.